तीन पॉइंट बारा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की माझ्या टेबलावर वह्यांची चळत चढते. बी.एड.ची पोरं-पोरी आंतरवासितेसाठी आसपासच्या शाळांत गेलेली असतात, आणि रोजचे पाठ घेतल्यावर त्यांनी चिंतन-दैनंदिनी लिहायची असते. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या कामाला किमान २० आठवडे मिळाले, तेव्हापासून ही वही सगळीकडे आली. बहुतेक वह्यांत एकच नोंद वेगवेगळ्या अक्षरांत सापडते: पाठ छान झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला, वेळ थोडा कमी पडला. गुणांसाठी लिहिलेलं चिंतन असंच होणार, त्यात पोरांचा फारसा दोष नाही.

मागे एका वहीत मात्र सलग दोन पानं भरलेली होती. सहावीच्या वर्गावर गणिताचा पाठ, घटक दशांश अपूर्णांक. नोंद अशी होती: ‘लहान-मोठेपणा ओळखण्याचा प्रश्न विचारला असता एका विद्यार्थिनीने चुकीचे उत्तर दिले. मी ते दुरुस्त केले. मुले हसली. त्यानंतर विद्यार्थिनी पूर्ण तासात बोलली नाही. मला फार वाईट वाटले. मी संवेदनशील शिक्षक नाही असे वाटले. यापुढे प्रत्येक मुलाला समजून घेईन.’ त्यापुढचं दीड पान स्वतःला दूषणं देण्यात गेलं होतं.

आम्ही या नोंदींसाठी गिब्जचं चक्र वापरतो. ग्रॅहम गिब्ज हे इंग्लंडमधले उच्चशिक्षणाचे अभ्यासक. १९८८ साली त्यांनी ‘लर्निंग बाय डुइंग’ या पुस्तकात अनुभवातून शिकण्याचे सहा टप्पे मांडले. काय घडलं, त्या वेळी काय वाटलं, त्यात बरं काय आणि वाईट काय, ते तसं का झालं, त्यातून काय कळलं, आणि पुढच्या वेळी नेमकं काय करणार. परिचारिकांच्या प्रशिक्षणात हे चक्र फार रुजलं, शिक्षकांच्याही. दिसायला सोपं आहे, आणि त्यामुळेच बिघडतं. नवा शिक्षक दुसऱ्या टप्प्यावरून थेट सहाव्यावर उडी मारतो. वाईट वाटलं, यापुढे असं करणार नाही, संपलं. मधला ‘का’ कोराच राहतो.

या मुलाला मी बोलावलं. म्हटलं, “पहिला टप्पा परत लिही. ‘चुकीचे उत्तर’ हा तुझा निकाल झाला, ते वर्णन नव्हे. ती नेमकं काय म्हणाली? त्याआधी तू काय म्हणालास? शब्दाला शब्द.”

“मॅडम, आता आठवत नाही तितकं.”

वर्गात मागे बसून त्याच्या सहाध्यायी मुलीने पाठनिरीक्षणाचा तक्ता भरला होता. तो मागवला. त्यात होतं ते असं. फळ्यावर ३.१२ आणि ३.८ लिहून सर म्हणाले, “तीन पॉइंट बारा आणि तीन पॉइंट आठ, कोण मोठं?” चौथ्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “सर, तीन पॉइंट बारा. बारा मोठे ना आठपेक्षा.” सर लगेच म्हणाले, “अगं, पाचवीतच राहिलीस का? बस खाली.” मग हशा.

त्याच्या पहिल्या नोंदीत हे वाक्य नव्हतं. लपवलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी घरी बसून लिहिताना आठवण आपल्या बाजूने दुरुस्त्या करून देते, सगळ्यांनाच देते. म्हणून वर्णन त्याच दिवशी, शाळेतच, मधल्या सुट्टीत चार ओळींत का होईना लिहून ठेवावं, आणि दुसऱ्या कुणाची नोंद मिळाली तर ती शेजारी ठेवावी. वर्णनात एकही विशेषण येऊ देऊ नये, हा माझा स्वतःचा नियम. गिब्जने तो सांगितलेला नाही.

शब्दाला शब्द लिहिल्यावर त्याला स्वतःलाच काहीतरी दिसलं. ‘तीन पॉइंट बारा’ हे त्या मुलीच्या आधी तो स्वतः म्हणाला होता. पुस्तकाच्या भाषेत ती संख्या ‘तीन दशांश चिन्ह एक दोन’ अशी वाचायची, किंवा ‘तीन पूर्णांक बारा शतांश’. दुसऱ्या वाचनात बारा येतात, पण ते कशाचे बारा हे सोबत येतं. ३.८ म्हणजे तीन पूर्णांक आठ दशांश, आणि आठ दशांश म्हणजे ऐंशी शतांश. ‘पॉइंट बारा’ म्हटलं की शतांश गळून पडतात आणि उरतात नुसते बारा आणि आठ. त्याने विचारलेल्या प्रश्नाचं तिने सरळ उत्तर दिलं होतं.

भावनांचा टप्पा त्याने आधीच पानभर लिहिला होता. तो मी दोन ओळींवर आणायला सांगितला. एक ओळ वाईट वाटल्याची राहिली. दुसरी त्याने बरीच घुटमळून लिहिली: ‘मागे सहाध्यायी लिहीत होती आणि टाचणातला पुढचा मुद्दा राहिला होता, म्हणून मी चिडलो.’ ही ओळ कामाची. कोणत्या दबावाखाली आपण फटकन बोलतो हे त्यातून कळतं, आणि तो दबाव पुढच्या पाठातही असणारच. मूल्यमापनाच्या टप्प्यावर फार वेळ घालवला नाही. प्रश्न चांगला निवडला होता, उत्तर वाया घालवलं, एवढंच लिहिलं.

मग विश्लेषण. इथे आपल्या डोक्याबाहेरचं काहीतरी आणावं लागतं: एखादं संशोधन, एखादा जाणता सहकारी, नाहीतर ते मूल. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. मूल बोलून थांबलं की शिक्षक साधारण एका सेकंदाच्या आत बोलू लागतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलं अधिक लांब उत्तरं देतात, कारणंही सांगतात, असं त्यांना आढळलं. आमच्या सरांनी तीन सेकंद थांबून “कसं काय?” एवढं विचारलं असतं तर पुढची सगळी चौकशी वर्गातच झाली असती.

ती झाली दोन दिवसांनी, मधल्या सुट्टीत. गिब्जच्या चक्रातली मला जाणवणारी उणीव हीच आहे. त्यात ‘मला काय वाटलं’ आहे, समोरच्याला विचारून या असं कुठे नाही. मी त्याला सांगितलं, माफी मागायची तर माग, पण मुख्य म्हणजे विचार.

त्याने आधी चुकलं म्हणून सांगितलं आणि मग विचारलं. मुलीचे वडील आठवडी बाजारात कांदे-बटाटे विकतात, रविवारी ती काट्यावर बसते. म्हणाली, “सर, तीन पॉइंट बारा म्हणजे तीन किलो बारा ग्रॅम. तीन पॉइंट आठ म्हणजे तीन किलो आठ ग्रॅम.”

“पण काट्यावर तीन किलो आठ ग्रॅम कसे दिसतात?”

तिने जरा विचार केला. “तीन पॉइंट शून्य शून्य आठ.” मग थांबून, “काट्यावर नुसतं आठ कधी येतच नाही सर. तीन आकडे येतात.”

हे वाक्य त्याने वहीत चौकटीत लिहिलं होतं, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दशांश चिन्हापुढे नेहमी तीन घरं भरलेली असतात. ३.१२० आणि ३.८०० शेजारी आले तर १२० आणि ८०० यांची पूर्ण संख्या म्हणून तुलना करूनही उत्तर बरोबरच येतं. पैशांचंही तेच, तिथे दोन घरं. म्हणजे दशांश न कळता वर्षानुवर्षं बाजार बिनचूक करता येतो. घरं असमान झाली की मगच हा समज उघडा पडतो, आणि अशी असमान घरं तिला गणिताच्या तासातच भेटली. गणित शिकवणाऱ्यांना हा गैरसमज जगभर ठाऊक आहे: चिन्हाच्या उजवीकडचा भाग मुलं स्वतंत्र पूर्ण संख्या समजतात, म्हणून जास्त आकड्यांचा अपूर्णांक त्यांना मोठा वाटतो. बाजारात वावरणाऱ्या मुलीला हे येत नाही याचं आमच्या सरांना नवल वाटलं होतं. खरं तर काट्याने तो समज झाकून ठेवला होता.

आता निष्कर्ष बदलला. ‘मी संवेदनशील नाही’ खोडलं गेलं आणि तिथे आलं: ‘मी संख्या चुकीच्या पद्धतीने वाचतो, आणि वर्गात किती जणांचा हाच समज आहे हे मला माहीत नाही.’ पहिल्या वाक्यावर करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्यावर होतं.

कृती आराखडा म्हणून त्याने चार जोड्यांची चिठ्ठी केली, नावं न लिहिता सोडवायची. २.४५ आणि २.३१, इथे घरं समान, गैरसमज असूनही उत्तर बरोबर येणार. ०.५ आणि ०.३६, इथे पाचापेक्षा छत्तीस मोठे म्हणणारे सापडणार. ४.७ आणि ४.०८, इथे मधलं शून्य न मोजणारे. आणि ०.६ आणि ०.७३. ही चौथी जोडी मी घालायला लावली, का ते तेव्हा सांगितलं नाही.

पहिली जोडी जवळजवळ सगळ्यांनी बरोबर सोडवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत निम्म्याहून अधिक वर्ग चुकला. त्या दिवशी हसलेल्यांतले बरेच जण त्यात असणार, चिठ्ठीवर नाव नसल्याने कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या तासाला त्याने सर्वांच्या हातखंडा उपाय टाळला. ‘शेवटी शून्य लावून घरं सारखी करा’ सांगितलं की उत्तरं पटापट बरोबर येतात, पण तो पुन्हा काट्याचाच प्रकार, ऐंशी आणि बारा यांची तुलना. त्याऐवजी त्याने फळ्यावर ३ ते ४ अशी लांब संख्यारेषा काढली, तिचे दहा भाग केले, मग ३.१ आणि ३.२ यांच्यामधल्या एका भागाचे पुन्हा दहा. चौथ्या बाकावरच्या मुलीला खडू दिला. तिने ३.१२ ची खूण केली, मग ३.८ कडे बोट नेत नेत गेली आणि म्हणाली, “एवढं लांब?”

तासाच्या शेवटी त्याने तीच चिठ्ठी पुन्हा दिली. दुसरी आणि तिसरी जोडी बरीच सुधारली. चौथी मात्र बिघडली. आधी ०.७३ मोठे म्हणणाऱ्यांपैकी काही जणांनी आता ०.६ मोठे लिहिलं. एकाने शेजारी कारणही दिलं होतं: ‘सर म्हणाले दशांश शतांशापेक्षा मोठा असतो.’

त्या संध्याकाळी वहीत नवीन पान उघडलं होतं. वर तारीख, खाली ‘वर्णन’, आणि त्याखाली अवतरणचिन्हांत त्याचं स्वतःचं वाक्य, शब्दाला शब्द.