पाच बोटं मिटेपर्यंत

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. कापसावर फवारायच्या औषधाच्या डब्यावर शंकरपाळ्यासारखा, टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग हिरवा असेल, तर ते औषध कालवताना हातमोजे लागतात का? मनात ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवा. आम्ही बोटं मिटतो. पाच, चार, तीन, दोन, एक.

उत्तर आहे, हो. हिरवा रंग म्हणजे कमी विषारी. बिनविषारी नव्हे.

आता तुमच्याकडून नकळत काय झालं ते बघा. बोटं मिटेपर्यंत तुम्ही कामातून क्षणभर थांबलात आणि एक बाजू धरलीत. मोबाइलवर असे छोटे व्हिडिओ आपण रोज बघतो. आधी प्रश्न येतो, मग दोन-तीन पर्याय, मग आकडे उलटे पळतात आणि शेवटी उत्तर उघडतं. ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये घड्याळाची टिकटिक सुरू झाली की घरात सगळे एकदम ओरडायचे, त्याचंच हे धाकटं रूप. आपल्या खान्देशात आजी आन्हा घालायची आणि उत्तर लगेच द्यायची नाही, तीही हीच रीत. आमच्या बचत गटांनी गेल्या हंगामात असा एक व्हिडिओ केला. पहिल्यांदा तो चुकला. तो का चुकला आणि दुसऱ्यांदा कसा बांधला, ते आज सांगतो.

आधी हे समजून घेऊ, की उत्तर सरळ सांगण्यापेक्षा अंदाज करायला का लावायचं. अमेरिकेतल्या कॉर्नेल, हेज आणि ब्योर्क या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. माणसानं आधी स्वतः उत्तराचा प्रयत्न केला आणि मग त्याला बरोबर उत्तर कळलं, तर ते जास्त पक्कं लक्षात राहतं, असं त्यांना आढळलं. आधीचा अंदाज चुकला तरी फायदा होतो. पण एक गोष्ट विसरायची नाही. बरोबर उत्तर कळायलाच हवं. आमची चूक नेमकी तिथं झाली.

विषय आम्ही मुद्दाम फवारणीचा घेतला. जळगाव-धुळ्याकडे कापूस भरपूर, आणि फवारणीचा पंप बहुतेक वेळा पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी आणणं, औषध कालवणं आणि नंतर ते कपडे धुणं आपल्याकडे असतं. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे.

डब्यावरचा रंग कायद्यानं ठरलेला आहे. कीटकनाशक नियम 1971 चे आहेत, त्यात चार रंग दिले आहेत. लाल म्हणजे अतिशय विषारी, आणि त्यावर कवटी व हाडांचं चित्र असतं. त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ज्या बाईला वाचता येत नाही तिलाही रंग ओळखता येतो, म्हणून हा विषय व्हिडिओला चांगला.

आमचा पहिला प्रश्न होता, ‘सर्वांत जास्त विषारी रंग कोणता?’ गटाच्या बैठकीत पाचजणींना विचारला. पाचही जणी म्हणाल्या, लाल. सगळ्यांना येणाऱ्या प्रश्नाला थांबायचं कशाला? तो सोडला. उलट टोकाचा प्रश्नही चालत नाही. नियम कोणत्या साली आले असं विचारलं तर बाई अंदाज करणारच नाही, बोटानं पुढं सरकवेल. पाचजणींमध्ये दोन तट पडले आणि दोघींमध्ये वाद झाला, की प्रश्न जमला असं समजावं.

एक फसवा प्रकारही सांगून ठेवतो. कोणी म्हणालं, सरावाला ‘जळगाव कशासाठी प्रसिद्ध?’ असा प्रश्न करू, पर्याय केळी आणि भरिताची वांगी. दोन्ही बरोबर! दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. असा प्रश्न टाकला तर उत्तर उघडल्यावर लोक भांडतात आणि पुढच्या खऱ्या उत्तरावरही विश्वास ठेवत नाहीत. म्हणून प्रत्येक चुकीच्या पर्यायाजवळ थांबून स्वतःला विचारायचं, हा नक्की चूक आहे ना?

मग आम्ही हिरव्या रंगाकडे वळलो. तिथं दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, ‘‘हिरवं शे ना, मंग काय व्हई?’’ सिग्नलला हिरवा म्हणजे जा, मग डब्यावरही हिरवा म्हणजे चालतं, असा सरळ हिशोब. प्रश्न सापडला म्हणून आम्ही खूश झालो. व्हिडिओ असा केला: हातात डबा, वर प्रश्न ‘हिरवं निशाण म्हणजे काय?’, खाली मोठ्या अक्षरांत ‘अ) बिनविषारी’ आणि ‘ब) कमी विषारी’. तीन सेकंदांचे आकडे. मग उत्तर, ब.

आठवड्याभरानं एका गावात बैठकीला गेलो. एका ताईच्या हाताची आग होत होती. तिनं उघड्या हातानं औषध कालवलं होतं. विचारलं तर म्हणाली, ‘‘ताई, तुमच्याच व्हिडिओत हिरवं बिनविषारी लिहिलं होतं.’’ तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं. शेतात नेट अडकलं, आकडे सुरू झाले तिथंच चित्र थांबलं आणि डोळ्यांपुढं राहिलं ते हिरव्या डब्याशेजारचं ‘बिनविषारी’. आमचं बरोबर उत्तर तिच्यापर्यंत पोचलंच नाही. तिला हात साबण आणि भरपूर पाण्यानं धुवायला लावले आणि डबा बरोबर देऊन दवाखान्यात पाठवलं. विषावरचा उतारा काय, ते डब्यावरच्या माहितीत असतं, म्हणून डॉक्टरकडे जाताना डबा किंवा त्याचा फोटो न्यावा. ती बरी झाली, पण तो व्हिडिओ आम्ही त्याच रात्री काढून टाकला.

त्यातून आम्ही एक नियम केला. जिवाशी गाठ असलेला प्रश्न असा मांडायचा, की अर्धा व्हिडिओ बघून बाई उठली तरी तिच्या मनात खोटं वाक्य राहू नये. चुकीचा पर्याय पूर्ण वाक्यात, मोठ्या अक्षरांत लिहायचा नाही. प्रश्न सवयीबद्दल विचारायचा. म्हणून ‘हिरवं निशाण म्हणजे काय?’ याऐवजी ‘हिरवं निशाण असलं तरी हातमोजे लागतात का?’ असं केलं. पर्याय ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच. नेट इथं अडकलं तरी बाई फार तर शंका घेऊन जाते, आणि शंका आली तर ती विचारते. साप चावणं, बाळाचे जुलाब, गोळ्यांचं प्रमाण अशा विषयांनाही हाच नियम लावायचा. सणवार, नद्या, गावांची नावं यांच्या प्रश्नांत मात्र खोटा पर्याय बिनधास्त लिहा, तिथं कुणाचं काही बिघडत नाही.

आता दुसरा व्हिडिओ सेकंदांत मांडून सांगतो. मोबाइल उभा धरायचा. पहिली सहा सेकंदं डबा जवळून दाखवला आणि प्रश्न तोंडानं सावकाश विचारला. पुढची तीन सेकंदं ‘हो की नाही?’ मग पाच सेकंदं मोजणी. त्यानंतर दोन सेकंदांत ठळक ‘हो’. शेवटची बारा सेकंदं कारणाला दिली: हिरवा म्हणजे कमी विषारी, हा रंग बाटलीतल्या त्या एकाच औषधाचा आहे, दोन औषधं एकत्र कालवली तर रंगावरून अंदाज करू नका, हातमोजे घालूनच कालवा. एकूण अठ्ठावीस सेकंदं झाली.

मोजणी पाच सेकंदांची का, तीनची का नाही? पहिल्या व्हिडिओत तीन ठेवली होती. शिकलेल्या मुलीला ती पुरते. पण आम्ही मोबाइल एका काकूंच्या हातात दिला आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिलो. त्यांचं वाचन संपेपर्यंत उत्तर उघडलं होतं. अंदाज करायला जागाच मिळाली नाही. तुमची मोजणी किती हवी, ते असंच ठरवा. ज्या बाईनं व्हिडिओ पाहिलेला नाही तिला दाखवा, आणि तिनं उत्तर उघडण्याआधी तोंडानं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं की वेळ पुरेशी. ती गप्प राहिली तर वेळ कमी. मोजणी सुरू असताना ती पुढं सरकवायला लागली, तर वेळ जास्त.

आकडे पळवायचं ॲप जमत नसेल तर अडू नका. आमच्यातल्या एकीनं हाताची पाच बोटं कॅमेऱ्यासमोर धरली आणि एकेक मिटत गेली. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांनाही किती वेळ उरला ते कळतं. एक बोट मिटायला एक सेकंद जायला हवा. घाई होते, म्हणून दुसरीनं घड्याळ बघून मांडीवर थाप द्यावी.

अजून दोन बारीक गोष्टी आहेत. अक्षरं पडद्याच्या अगदी खाली आणि उजव्या कडेला लिहू नका, कारण तिथं मोबाइलवर व्हिडिओचं नाव आणि बटणं येतात आणि आपलं लिहिलेलं झाकलं जातं. दुसरं म्हणजे हे छोटे व्हिडिओ संपले की आपोआप पुन्हा सुरू होतात. शेवटचा शब्द बोलल्याबरोबर व्हिडिओ कापला तर कारण अर्धवट ऐकू येतं आणि लगेच प्रश्न सुरू होतो. म्हणून शेवटी दोन सेकंदं नुसतं ‘हो, हातमोजे हवेत’ एवढं दिसत ठेवायचं. वरच्या बारा सेकंदांतली शेवटची दोन ती आहेत.

आणि उत्तर खरं आहे का, ते कोण बघणार? आम्ही उत्तर आधी डब्यावरच्या माहितीशी ताडून पाहिलं, मग कृषी सहायकांना दाखवलं, आणि मगच चित्रण केलं. चित्रण झाल्यावर विचारलं असतं तर चूक निघाली तरी ‘आता राहू द्या’ असं वाटलं असतं.

दुसरा व्हिडिओ त्याच ताईला सगळ्यांत आधी दाखवला. तिसरं बोट मिटताना ती म्हणाली, ‘हो.’ मग उत्तर उघडलं. तिनं मोबाइल परत दिला आणि विचारलं, ‘‘आणि धुणं धुताना?’’ आमचा पुढचा प्रश्न तिनंच दिला. फवारणीचे कपडे घरच्या इतर कपड्यांत भिजवावेत का? उत्तर मनात धरा. पाच, चार, तीन, दोन, एक. नाही. ते वेगळे धुवायचे, आणि तेही हातमोजे घालून.