वर्षाची बेरीज जुळते, जूनची जुळत नाही

मार्च अखेरीस बहुतेक महिला बचत गटांत पुढील वर्षाचे अंदाजपत्रक लिहिले जाते. बहुधा ते एका पानाचे असते. डाव्या बाजूला बचत किती जमेल, उजव्या बाजूला कर्ज किती द्यायचे, खाली दोन बेरजा आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. बँकेला दाखवायला हा कागद पुरतो. गट चालवायला मात्र तो पुरत नाही, कारण कर्ज वर्षाला मागितले जात नाही, महिन्याला मागितले जाते. गेली काही वर्षे आम्ही मोहल्ल्यातील भगिनींच्या हिशेबाच्या वह्या पाहत आहोत. त्यातील एका गटाचे एप्रिल 2026 ते मार्च 2027 चे अंदाजपत्रक येथे उलगडून दाखवतो.

गट बारा जणींचा. दरमहा प्रत्येकी 200 रुपये बचत, म्हणजे महिन्याला 2,400. तीन वर्षे झाल्याने एकूण बचत 86,400 रुपये आहे. यातले 14,400 बँकेत आहेत आणि 72,000 सभासदांकडे कर्जाऊ आहेत. या 72,000 मधले 6,000 एका भगिनीकडे अडकले आहेत. तिचे पती दीर्घ आजारी आहेत. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी हे सूरह अल-बकराच्या 280 व्या आयतीत आलेच आहे, आणि गटानेही तिला सवड दिली. पण सवड देणे वेगळे आणि ती रक्कम जमेत धरणे वेगळे. अंदाजपत्रकात तिच्या नावापुढे शून्य लिहिले. पैसे आले तर अल्हम्दुलिल्लाह, पण त्यांच्या भरवशावर दुसरीला शब्द द्यायचा नाही. उरलेले 66,000 दहा हप्त्यांत, म्हणजे एप्रिल ते जानेवारी दरमहा 6,600 प्रमाणे परत येणार आहेत.

हा गट आपसात व्याज घेत नाही, कर्ज कर्जे हसना म्हणून देतो. त्याने अंदाजपत्रक वेगळे होते, ते कसे हे समजून घ्यावे. महिन्याला शेकडा एक टक्का व्याज घेणाऱ्या गटाला 70,000 रुपयांच्या कर्जावर वर्षाला 8,400 रुपये मिळतात. वह्यांचा खर्च, रिक्षाभाडे आणि एखादे बुडीत कर्जही त्या रकमेत झाकून जाते. बिनव्याजी गटात झाकायला काहीच नसते. म्हणून दरमहा दहा रुपये खर्च-वर्गणी वेगळी ठेवली. वर्षाचे 1,440 होतात. नोंदवह्या व पासबुके 400, बँकेत ये-जा करायला महिन्याला 60 प्रमाणे 720, हिशेब तपासणी व झेरॉक्स 300, असा 1,420 चा खर्च त्यात बसला. बचतीच्या रकमेला खर्चासाठी हात लावायचा नाही, ती अमानत आहे. बँकेच्या बचत खात्यावर जे व्याज जमा होते ते या गटाने रोकड वहीत निराळ्या रकान्यात दाखवले आहे. त्याचे काय करायचे ते आलिमांना विचारून ठरवतील, पण गटाचे उत्पन्न म्हणून ते कुठेही धरलेले नाही.

आता मागणी. तिच्यासाठी एका बैठकीत प्रत्येकीला तीनच प्रश्न विचारायचे: कशासाठी, किती आणि कोणत्या महिन्यात. तिसरा प्रश्न बहुतेक गट विचारत नाहीत. या गटातली उत्तरे अशी आली. मे महिन्यात एकीला पावसाआधी छपराचे पत्रे बदलायला 12,000 आणि दोघींना बकरी ईदसाठी 5,000 प्रमाणे 10,000 हवे होते. जूनमध्ये पाच जणींना मुलांची फी, पुस्तके, गणवेश यासाठी मिळून 40,000. सप्टेंबरमध्ये शिलाई मशीनला 9,000. जानेवारीत गटाच्या शेवयांसाठी 12,000, आणि फेब्रुवारीत रमजानच्या सामानासाठी सहा जणींना 3,000 प्रमाणे 18,000. एकूण 1,01,000.

जमेची बाजू पाहा. बँकेतले 14,400, वर्षाची बचत 28,800 आणि जुने हप्ते 66,000 मिळून 1,09,200 होतात. मागणीपेक्षा आठ हजार जास्तच. एका पानाचे अंदाजपत्रक येथेच संपते आणि सर्वजणी निश्चिंत होतात.

तेच आकडे महिन्यांत मांडले की काय दिसते? एप्रिलमध्ये बचत व हप्ते मिळून 9,000 येतात, कर्ज कोणाला नको, शिल्लक 23,400. मेमध्ये आणखी 9,000 येतात, 22,000 कर्ज जाते, शिल्लक 10,400. जूनमध्ये 9,000 आणि मेच्या नव्या कर्जाचा पहिला हप्ता 2,200 धरून हातात 21,600 होतात. (गटाचा नियम असा की प्रत्येक कर्ज पुढच्या महिन्यापासून दहा समान हप्त्यांत फेडायचे.) आजारपणासाठी 3,000 नेहमी राखून ठेवायचे ठरले आहे, म्हणजे देता येण्याजोगे 18,600. मागणी 40,000 ची. वर्षाला आठ हजार उरणारा गट जूनमध्ये 21,400 रुपयांनी कमी पडतो. त्या पाच जणींपैकी निम्म्या मग फायनान्स कंपनीच्या दारात जातात आणि वर्षभर आठवड्याचे हप्ते भरतात.

हा पेच एप्रिलमध्येच दिसला तर सुटतो. छपराचे पत्रे पुढे ढकलता येत नाहीत. बकरी ईद यंदा मे अखेरीस, चंद्रदर्शनानुसार 27-28 च्या सुमारास, म्हणजे शाळा उघडण्याच्या अगदी तोंडावर. गटातील वडीलधाऱ्या खाला स्पष्ट बोलल्या, "ऐपत नसताना कर्ज काढून कुर्बानीत हिस्सा कशाला घ्यायचा? आपल्यावर ती वाजिब तरी आहे का?" दोघींनी आपली मागणी मागे घेतली. हे कोणी सांगावे याला महत्त्व आहे. सचिवाने सांगितले असते तर रुसवाफुगवा झाला असता.

मे अखेरची शिल्लक आता 20,400 झाली. जूनमध्ये 9,000 आणि पत्र्यांच्या कर्जाचा 1,200 हप्ता धरून 30,600, त्यातून राखीव वजा करता 27,600. मग जूनच्या पाच मागण्या एकेक करून पाहिल्या. एकीला मुलाच्या डिप्लोमासाठी 12,000 हवे होते, पण तिथे फी दोन टप्प्यांत घेतात, म्हणून 6,000 आता आणि 6,000 नोव्हेंबरमध्ये. दुसरीच्या शाळेने जुलैपर्यंत सवलत दिली, तिचे 6,000 जुलैत गेले. तिसरीला थोरल्या मुलीची पुस्तके धाकटीला चालणार आहेत, तिने 8,000 चे 7,500 केले. जूनची मागणी 27,500 वर आली. शंभर रुपये आणि राखीव निधी शिल्लक राहतो. इतके काठोकाठ ठेवणे आम्हाला पसंत नाही, पण कोणालाही नाही म्हणावे लागले नाही.

पुढे चित्र उलटते. ऑगस्ट अखेरीस शिल्लक 23,600 होते आणि मशीनचे कर्ज देऊनही ऑक्टोबर अखेरीस 42,600 वर जाते. पैसा नुसता पडून राहतो. म्हणून मशीनवाल्या भगिनीला ऑगस्टमध्येच कर्ज द्यायचे ठरले, दिवाळीच्या शिलाईआधी तिचा हात बसेल. ऑक्टोबरमध्ये दोघींना बोकडाची पिल्ले घ्यायला 15,000 ची तरतूद केली. ते बोकड 2027 च्या बकरी ईदला, म्हणजे मे महिन्यात विकले जातील. दरमहा हप्ता त्यांना जमणार नाही. एकरकमी परतफेड मेमध्ये, आणि ती 2027 च्या जूनची फी भागवायला वेळेवर येईल. धंद्याचे कर्ज सहसा थांबू शकते, फीचे थांबत नाही. मागण्यांचा क्रम लावताना आम्ही एवढेच पाहतो.

शेवयांचे मात्र थांबता येत नाही. रमजान 2027 मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल आणि ईद मार्चच्या 10 तारखेच्या आसपास येईल. जानेवारीच्या उन्हात शेवया वाळल्या नाहीत तर त्या विकण्याचा प्रश्नच नाही. या कामाचा हिशेब वेगळ्या पानावर मांडला. 100 किलो मैद्याचे 4,000, मशीनचे भाडे 1,500, पिशव्या व लेबले 1,500, वाहतूक 500 आणि वीस दिवसांची मजुरी 200 प्रमाणे 4,000. एकूण 11,500, वर 500 किरकोळ. वाळल्यावर व तुकडे वगळल्यावर 95 किलो माल धरला. म्हणजे किलोला 121 रुपये पडतात. सुरुवातीला भगिनी 110 ने विकायला निघाल्या होत्या, कारण स्वतःची मजुरी त्यांनी धरलीच नव्हती. दर 150 ठरवला तर सर्व माल विकून 14,250 मिळतात. पण ईदपर्यंत चौथा हिस्सा पडून राहिला तर हाती 10,650 च येतात आणि 850 चा तोटा होतो. ईदनंतर शेवयांना कोण विचारतो? म्हणून निम्म्या मालाची मागणी आधी नावानिशी लिहून घेतल्याशिवाय मैदा आणायचा नाही, आणि उधारी नाही, असे ठरावात लिहिले. मोहल्ल्यात उधारी नाही म्हणणे किती कठीण असते ते वाचक भगिनी जाणतात. एफएसएसएआयची नोंदणी डिसेंबरमध्येच उरकायची आहे.

एक सूचना मुद्दाम करतो. मागच्या वर्षाचे पान समोर ठेवून त्यावरच नवे आकडे लिहू नयेत. आपले सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात आणि गटाचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. 2024-25 या एकाच आर्थिक वर्षात ईद-उल-फित्र दोनदा आली, 11 एप्रिल 2024 ला आणि पुन्हा 31 मार्च 2025 ला. जुन्या पानावरून नक्कल करणाऱ्या गटाकडे दुसऱ्या ईदची तरतूदच नसणार. म्हणून आकडे लिहिण्याआधी बारा महिन्यांच्या कोऱ्या पानावर दोन्ही ईद, रमजान, शाळा उघडण्याचा दिवस आणि पावसाळा पेन्सिलने मांडावा. पेन्सिलने, कारण चाँद दिसल्यावर एखादा दिवस मागेपुढे होतो.

पावसाळा का, तर रंगकाम, गवंडीकाम करणाऱ्यांच्या घरात जुलै-ऑगस्टला मजुरी थांबते आणि हप्ते उशिरा येतात. या गटाच्या खतावणीत दहा रुपयांमागे नऊच वेळेवर आलेले दिसतात. म्हणजे 6,600 चे बहुधा 5,940. एप्रिल ते जून तीन महिन्यांत ही तूट 2,000 च्या जवळ जाते, काठोकाठ बसवलेल्या जूनमध्ये तेवढीही पुरे. त्यासाठी प्रत्येक महिन्याच्या ओळीत दोन रकाने केले, ठरलेली शिल्लक आणि प्रत्यक्ष शिल्लक. बैठक संपण्याआधी सचिव आपा दोन्ही आकडे मोठ्याने वाचतात. मेच्या बैठकीत ठरलेले 20,400 आणि हातातले 19,000 दिसले, तर जूनच्या चार जणींना त्याच दिवशी सांगायचे की प्रत्येकीला थोडे कमी मिळेल. फी भरण्याच्या आदल्या दिवशी सांगण्यापेक्षा तीन आठवडे आधी कळले तर ती माहेराहून काही आणू शकते किंवा शाळेत जाऊन मुदत मागू शकते. आम्ही शाळेत असल्याने सांगतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात मुदत मागणाऱ्या आईला ती बहुधा मिळते.