नवं शिकलं, जुनं पुसलं

बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाताना महाराष्ट्राच्या हद्दीआधी देडतलाई लागतं. अलीकडे बऱ्हाणपूर जिल्हा, पलीकडे मेळघाट, आणि दोन्हीकडे कोरकू वस्ती. अशा सीमेवरच्या गावात भाव विचारायला हिंदी, घासाघीस करायला निमाडी, सोयऱ्याशी बोलायला वऱ्हाडी वळणाची मराठी आणि घरात कोरकू, हे सहज चालतं. एकाच वाक्यात दोन भाषा आल्या तरी कुणी दचकत नाही. चौथी भाषा कानावर पडली म्हणून पहिली विसरली, असं तर कुणाचंच होत नाही.

संगणकाचं मात्र तसं होतं. बोललेलं ऐकून लिहिणारी एखादी यंत्रणा घ्या. तिला आधी मराठी शिकवली आणि ती छान जमली. मग मराठीचं साहित्य बाजूला ठेवून फक्त कोरकूच्या ध्वनिफिती तिला वारंवार ऐकवल्या, तर कोरकू हळूहळू जमू लागते आणि त्याच वेळी मराठीचा बोजवारा उडत जातो. संशोधक याला ‘कॅटास्ट्रॉफिक फरगेटिंग’ म्हणतात, म्हणजे सपाटून विसरणं. आपण विसरतो तेव्हा निदान धागेदोरे उरतात. इथे बऱ्याचदा तेही दिसत नाहीत.

हा प्रकार 1989 साली मायकेल मॅकक्लॉस्की आणि नील कोहेन यांनी अगदी बाळबोध प्रयोगातून दाखवून दिला. त्यांनी एका छोट्या न्यूरल नेटवर्कला आधी 1 च्या बेरजा शिकवल्या: 1+1 पासून 1+9 पर्यंत आणि उलट 9+1 पर्यंत, अशा एकूण 17. त्या बिनचूक येऊ लागल्यावर 2 च्या बेरजा सुरू केल्या. दोनाच्या बेरजा थोड्याशाच गिरवून होतात न होतात, तोच एकाच्या बेरजा कोसळल्या. त्या चुकीच्या आहेत असं नेटवर्कला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, आणि खरी गोम तिथेच होती.

नेटवर्कमधलं ज्ञान कप्प्याकप्प्यांत ठेवलेलं नसतं. ते ‘वजन’ म्हणवल्या जाणाऱ्या आकड्यांमध्ये विखुरलेलं असतं, आणि एकच वजन मराठीच्याही कामी येतं, कोरकूच्याही. शिकणं म्हणजे चूक दिसली की ती कमी होईल अशा दिशेने प्रत्येक वजन थोडं सरकवणं. समोर फक्त कोरकू असेल तर चूक मोजली जाते ती कोरकूचीच. एखादं वजन सरकल्याने मराठी बिघडत असेल, तर तशी तक्रार करायला मराठीचं एकही वाक्य हजर नसतं.

हे आकड्यांत पाहू. समजा, आपल्या यंत्रणेत दोनच वजनं आहेत. मराठी शिकून झाल्यावर पहिलं 2 वर आणि दुसरं 1 वर स्थिरावलं. मराठीचं सगळं काम पहिल्या वजनावर चालतं. ते 2 च्या आसपासच हवं. दुसरं इकडेतिकडे झालं तरी मराठीला फारसा फरक पडत नाही. आता कोरकूसाठी दोन्हींची बेरीज 7 व्हायला हवी. सध्या ती 3 आहे, म्हणजे 4 ची भर घालायची आहे. नेहमीची शिकण्याची पद्धत ही भर दोघांत सारखी वाटते. वजनं होतात 4 आणि 3. कोरकूचं काम झालं, पण मराठीचं पहिलं वजन 2 वरून 4 वर गेलं आणि मराठी कोलमडली. खरं तर दुसऱ्या वजनाला सगळा भार उचलता आला असता. पण ते मोकळं आहे, हे पद्धतीला कळणार कसं?

ते कळवण्याचा एक मार्ग लंडनच्या डीपमाइंडमधल्या जेम्स किर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडला. त्याचं नाव ‘इलॅस्टिक वेट कन्सॉलिडेशन’, थोडक्यात ईडब्ल्यूसी. मराठी शिकून झाल्यावर लगेच पुढे न जाता जुनी वाक्यं पुन्हा एकदा यंत्रणेतून फिरवायची आणि प्रत्येक वजन किंचित हलवल्यास उत्तर किती हलतं, ते मोजायचं. त्या संवेदनशीलतेच्या वर्गाची सरासरी म्हणजे त्या वजनाचं महत्त्व. संख्याशास्त्रात ही ‘फिशर इन्फर्मेशन’ नावाने जुनी ओळखीची राशी आहे. मग कोरकू शिकवताना प्रत्येक वजन त्याच्या जुन्या जागेला जणू स्प्रिंगने बांधायचं. महत्त्वाच्या वजनाला ताठ स्प्रिंग, बिनमहत्त्वाच्याला ढिली. जुन्या जागेपासून जितकं दूर जाल त्याच्या वर्गाच्या पटीत दंड.

आपल्या उदाहरणात पहिल्या वजनाचं महत्त्व 50 आणि दुसऱ्याचं 1 धरू. भर सारखी वाटली, दोघांना दोन-दोन, तर दंड होतो 50 गुणिले 4 अधिक 4, म्हणजे 204. त्याऐवजी पहिल्याला फक्त 0.08 आणि दुसऱ्याला 3.92 दिले, तर दंड 16 च्याही आत राहतो. बेरीज तरीही 7 होते. वजनं होतात 2.08 आणि 4.92. कोरकू जमली, मराठी शाबूत. प्रत्यक्षात दंड आणि नव्या कामातली चूक यांचा तोल साधावा लागतो. त्यासाठी एक गुणक असतो आणि तो किती ठेवायचा हे करून पाहूनच ठरतं. फार मोठा ठेवला तर यंत्रणा नवं काही शिकतच नाही, फार छोटा ठेवला तर स्प्रिंग असून नसल्यासारखी.

ही युक्ती देखणी आहे, पण तिची मर्यादा याच दोन वजनांत दिसते. समजा, मराठीला पहिल्या वजनाशी किंवा दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही, तिला दोघांतला फरक 1 हवा आहे. मग दोन्ही वजनं एकत्र 2-2 ने वाढवली तर फरक तसाच राहतो आणि बेरीजही 7 होते. कुणाचंच नुकसान नाही. ईडब्ल्यूसीला मात्र ही वाट दिसत नाही. ती प्रत्येक वजनाचं महत्त्व सुटंसुटं मोजते. दोन्ही एकेकटी हलवली तर मराठी बिघडते, म्हणून ती दोघांनाही ताठ बांधते आणि मोकळी वाट विनाकारण अडवते. वजनांच्या जोड्यांचाही हिशेब ठेवावा म्हटलं, तर कोट्यवधी वजनांच्या यंत्रणेत जोड्यांची संख्या हाताबाहेर जाते. डीपमाइंडच्या मूळ प्रयोगातही एकाच नेटवर्कने दहा अटारी खेळ एकामागून एक शिकून बरेच टिकवले, पण दहा वेगळ्या नेटवर्कांची बरोबरी त्याला साधली नाही.

दुसरा मार्ग फारच साधा: तक्रार करायला मराठीची थोडी वाक्यं हजर ठेवा. याला ‘रिप्ले बफर’ म्हणतात. कोरकूची 24 वाक्यं शिकवताना त्यांत जुनी 8 मिसळायची. वजन सरकलं आणि मराठी बिघडली की त्याच फेरीत चूक दिसते आणि वजन मागे खेचलं जातं. जुनी उदाहरणं अगदी मूठभर असली, तीच ती परत दाखवली, तरी फायदा होतो, असं अर्सलान चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं. तीच वाक्यं यंत्रणा पाठ करून टाकेल आणि बाकीची मराठी बिघडेल, अशी भीती आधी वाटत होती. त्यांच्या प्रयोगांत ती खरी ठरली नाही.

जुनी वाक्यं साठवायला जागा जास्त लागेल असं वाटतं, पण हिशेब उलटाच निघतो. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने 2022 मध्ये ‘महाकॉर्पस’ नावाचा मराठी मजकुराचा संग्रह जाहीर केला. त्यात 2 कोटी 48 लाख वाक्यं आहेत. त्यावर, आणि उपलब्ध असलेल्या इतर मराठी मजकुरावर, त्यांनी बहुभाषिक ‘बर्ट’ पुढे शिकवून ‘महाबर्ट’ तयार केलं. जुनं मॉडेल घेऊन त्याला नवं शिकवण्याचं आपल्या भाषेतलं हे ठळक उदाहरण. इथे मराठी सुधारणं हाच हेतू होता, त्यामुळे इतर भाषांचं काय झालं हा त्यांचा प्रश्नच नव्हता. आपण तो विचारू. अशा मॉडेलमध्ये साधारण 18 कोटी वजनं असतात. बाकीच्या भाषा ईडब्ल्यूसीने जपायच्या, तर प्रत्येक वजनाची जुनी जागा आणि त्याचं महत्त्व असे दोन आकडे साठवावे लागतील. एका आकड्याला 4 बाइट धरले तर सुमारे 1.4 गीगाबाइट. याउलट शंभर अक्षरांची एक लाख देवनागरी वाक्यं ठेवायला 30 मेगाबाइट पुरतात. याच गटाने पुढे मराठी आणि हिंदी मजकूर एकत्र देऊन ‘देवबर्ट’ही घडवलं. दोन्ही भाषा पहिल्यापासून समोर असल्यावर एकीने दुसरीला पुसण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. पण त्यासाठी सगळा मजकूर एकाच वेळी हाताशी लागतो, आणि रोज नव्या बोलण्याची भर पडते तिथे तो कधीच नसतो.

रिप्लेची गोची वेगळी आहे. बफरमध्ये कुणाला घ्यायचं? प्रचलित रीत अशी: येणाऱ्या प्रत्येक वाक्याला सारखीच संधी द्यायची. बफरमध्ये 200 जागा असतील तर हजारावं वाक्य पाचांत एक या शक्यतेने आत येतं आणि आतलं कुठलं तरी एक बाहेर जातं. शेवटी बफर म्हणजे आलेल्या सगळ्या वाक्यांचा निःपक्ष नमुना. पण 98,000 वाक्यं मराठीची आणि 2,000 निमाडीची आली असतील, तर 200 जागांपैकी निमाडीला सरासरी चारच मिळतात. मराठी टिकते, निमाडी जाते, आणि सगळ्यांचा मिळून निकाल पाहिला तर तो उत्तमच दिसतो. म्हणून भाषावार जागा राखून ठेवाव्या लागतात. 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांवर लोकांनी कोरकू मातृभाषा नोंदवली, तरी संगणकाला देता येईल असा तिचा मजकूर फार थोडा. अशा भाषेला राखीव जागांवाचून गत्यंतर नाही.

हे बिघडणं पकडायचं तर प्रत्येक टप्प्यानंतर जुन्या प्रत्येक भाषेची वेगळी परीक्षा घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी नव्या भाषेचीच परीक्षा होते, तिचा आलेख चढताना दिसतो आणि सगळे खूश होतात. मराठीसाठी बाजूला ठेवलेल्या वाक्यांवरच्या चुका कोरकूच्या आधी किती होत्या आणि नंतर किती झाल्या, हा फरक मांडला की विसरणं लपत नाही. आणखी एक खूण: भाषा ओळखायला सांगितली तर विसरलेली यंत्रणा जे ऐकेल त्याला कोरकूच म्हणते. कारण शेवटी तेच उत्तर बरोबर ठरत होतं. गिडो व्हॅन डी व्हेन आणि आंद्रेआस टोलियास यांनी 2019 मध्ये नेमकी अशी कसोटी लावली. हाताने लिहिलेले 0 ते 9 आकडे दोन-दोनच्या पाच गटांत शिकवले आणि शेवटी दहांपैकी कुठला ते विचारलं. ईडब्ल्यूसीचा निकाल जेमतेम वीस टक्के, म्हणजे शेवटच्या दोन आकड्यांपुरताच. जुन्याची उजळणी करणाऱ्या पद्धती मात्र तगल्या.

देडतलाईसारख्या गावासाठी यंत्रणा करायची, तर माझं मत रिप्लेच्या बाजूने आहे, आणि ते फक्त या वीस टक्क्यांमुळे नाही. ईडब्ल्यूसीला एक काम संपून दुसरं कधी सुरू झालं, हे माहीत असावं लागतं; स्प्रिंगा तेव्हाच बांधायच्या असतात. बाजारातल्या बोलण्यात अशी रेघ कुठे मारणार? एका वाक्याची सुरुवात निमाडीत, शेवट मराठीत. रिप्लेला रेघ लागत नाही. मात्र त्याला लोकांचं खरंखुरं बोलणं साठवून ठेवावं लागतं. दवाखान्यातलं किंवा घरातलं बोलणं असं ठेवायला बोलणाऱ्याची परवानगी हवी, आणि त्याने उद्या ती मागे घेतली तर ते वाक्य बफरमधून काढता आलं पाहिजे. बफरमधून काढलं तरी त्या वाक्याने आधीच सरकवलेली वजनं तशीच राहतात.