हांकेनें पुण्य लागतें काय ?

मुलाचें नांव नारायण, विठ्ठल किंवा रामचंद्र ठेवावें, म्हणजे दिवसांतून वीस वेळां त्यास हांक मारतांना देवाचें स्मरण आपोआप घडतें, अशी समजूत आपल्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्या पुष्ट्यर्थ भागवताच्या सहाव्या स्कंधांतील अजामिळाचा दाखला देतात. परंतु तो बहुधा अर्धाच सांगितला जातो. म्हणून ही साक्ष पुरती तपासणें अवश्य आहे.

कान्यकुब्जांतील हा ब्राह्मण धर्मपत्नीस सोडून एका दासीच्या नादीं लागला, आणि जुगार, चोरी व फसवणूक यांवर पोट भरूं लागला. वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं यमदूत दिसतांच भयभीत होऊन त्यानें दहा मुलांपैकीं सर्वांत धाकट्या नारायणास हांक मारली, व ती ऐकून विष्णुदूतांनीं त्याचा पाश सोडविला. अजाणतां घेतलेलें नामही पाप जाळतें, असें ते दूत सांगतात, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु अजामिळ त्या क्षणीं वैकुंठास गेला नाहीं. त्यास आपल्या कृत्यांचा पश्चात्ताप झाला. घरदार सोडून तो गंगाद्वारीं गेला, तेथें इंद्रियें आवरून त्यानें योगाभ्यास केला, आणि मग देह ठेविला. हांकेनें त्यास अवधि मिळाला. पुढील वाट त्यास स्वतःच चालावी लागली.

आतां व्यवहार पाहूं. बारशाच्या दिवशीं कानांत सांगितलेला नारायण वर्षभरांत नाऱ्या होतो, विठ्ठलाचा विठ्या व पांडुरंगाचा पांड्या होतो. आईच्या तोंडीं तें लाडाचें असेल. पण एकच विठ्ठल पेढीवर बसला कीं विठ्ठलशेट, आणि त्याच पेढीवर पोतीं वाहूं लागला कीं विठ्या, हा लाड नव्हे. जो देवाच्या नांवानें हमालास हिणवितो, त्याच्या पदरीं स्मरणाचें पुण्य कसें पडावें ? भाईंदरपलीकडे उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांत बाप्तिस्म्याच्या वेळीं संताचें नांव देण्याची चाल आहे. तेथें तो संत मुलाचा कैवारी मानला जातो, त्याचें अनुकरण करणें मात्र ज्याचें त्याकडे राहतें.

सर्वांत मोठी विसंगति मुलींच्या बाबतींत आहे. बापानें श्रद्धेनें लक्ष्मी किंवा पार्वती हें नांव ठेवावें, आणि लग्नांत सासरच्यांनीं ताटांतील तांदुळांवर अंगठीनें दुसरेंच नांव लिहून तें पुसून टाकावें, ही चाल अजून समूळ गेलेली नाहीं. हांकेंत खरोखरच देव असता, तर त्यास असा निरोप देण्याचें धाडस कोणा भाविकास झालें असतें ? मुलीची संमति तर विचारलीही जात नाहीं.

देवाचें नांव अवश्य ठेवावें. मात्र तें पुरतें उच्चारावें, हमालासही आदरानें हांक मारावी, आणि मुलीचें नांव तिच्या इच्छेवांचून बदलूं नये. इतकें होईल त्या घरीं हांक आणि स्मरण यांत अंतर राहणार नाहीं.