वॅटचा ताळा

विद्युत परिपथाचं गणित सुटलं, सगळ्या धारा आणि विभव हाती आले, तरी ते बरोबर आहेत हे कशावरून ठरवायचं? पुस्तकातल्या गणिताला मागच्या पानावर उत्तर असतं. प्रत्यक्ष कामात तशी सोय नसते. मुरलेला इंजिनिअर अशा वेळी एक साधी बेरीज करतो. प्रत्येक शाखेतल्या व्होल्टला तिथल्या अँपिअरने गुणायचं आणि सगळे गुणाकार एकत्र करायचे. बेरीज शून्य आली तर ताळा जमला.

ही बेरीज काय पकडते आणि तिच्या नजरेतून काय निसटतं, हे एका परिपथावर करून बघू. शाळेतला व्हीटस्टनचा सेतू घेऊ, पण संतुलित नसलेला. संतुलित सेतूत मधल्या शाखेतून धाराच वाहत नाही, मग तपासायला फारसं उरत नाही. 20 व्होल्टचा स्रोत आहे. त्याचं वरचं टोक ‘अ’, खालचं टोक ‘ड’, आणि मधे ‘ब’ व ‘क’ हे दोन जोडबिंदू. अ-ब मध्ये 2 ओहम, अ-क मध्ये 12 ओहम, ब-ड आणि क-ड मध्ये प्रत्येकी 4 ओहम, आणि ब-क या मधल्या शाखेतही 4 ओहम. ‘ड’ शून्य व्होल्टवर धरला तर समीकरणं सोडवून ‘ब’ला 12 आणि ‘क’ला 8 व्होल्ट मिळतात.

आता धारा काढू. अ-ब शाखेत 8 व्होल्टचा फरक आणि 2 ओहम, म्हणजे 4 अँपिअर. याच रीतीने अ-क मध्ये 1, ब-ड मध्ये 3, क-ड मध्ये 2 आणि मधल्या शाखेत 1. स्रोतातून निघणारी धारा 4 अधिक 1, म्हणजे 5 अँपिअर. रोधांमध्ये खर्च होणारे वॅट अनुक्रमे 32, 12, 36, 16 आणि 4, एकूण 100. स्रोत देतो 20 गुणिले 5, म्हणजे 100. खर्च होणारी शक्ती अधिक आणि पुरवलेली उणे धरायची, की बेरीज शून्य:

```python
v = [8, 12, 12, 8, 4, 20]
i = [4, 1, 3, 2, 1, -5]
print(sum(a*b for a, b in zip(v, i)))
```

शेवटच्या पाचापुढचं उणे चिन्ह विसरलं तर उत्तर 200 येतं. एकच स्रोत असताना बेरीज पुरवलेल्या शक्तीच्या नेमकी दुप्पट आली, तर आकडे धुंडाळण्याआधी चिन्हं बघावीत.

ऊर्जा नाहीशी होत नाही, तेव्हा बेरीज शून्य येणारच, असं म्हणून इथे थांबता येईल. पण खरी गंमत पुढे आहे. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतले डच इंजिनिअर बर्नार्ड टेलेगेन यांनी 1952 साली या बेरजेबद्दल एक प्रमेय मांडलं. पेंटोड ही पाच विद्युताग्रांची रेडिओची नळी शोधणारे हेच ते. त्यांच्या प्रमेयात ओहमचा नियम कुठेच लागत नाही. शाखेतलं विभवांतर म्हणजे तिच्या दोन टोकांच्या विभवांतला फरक. त्यामुळे सगळी बेरीज जोडबिंदूंनुसार पुन्हा मांडता येते: प्रत्येक बिंदूचा विभव गुणिले त्या बिंदूतून बाहेर पडणारी एकूण धारा. किरचॉफच्या नियमाप्रमाणे ती एकूण धारा शून्य असते. म्हणून बेरीजही शून्य.

ओहमचा नियम लागत नसेल, तर धारा आणि व्होल्ट एकाच परिपथातले असण्याचीही गरज नाही. हे करूनच बघा. व्होल्ट आपल्या सेतूतले ठेवा आणि धारा मनाने लिहा, फक्त प्रत्येक बिंदूत जितकी येते तितकी बाहेर पडू द्या. अ-ब मध्ये 1, अ-क मध्ये 6, मधल्या शाखेत उलट दिशेने 2, म्हणून ब-ड मध्ये 3, क-ड मध्ये 4 आणि स्रोतातून 7. गुणाकार होतात 8, 72, उणे 8, 36 आणि 32, एकूण 140. स्रोताचे 20 गुणिले 7, तेही 140. या धारांचा आपल्या रोधांशी काडीचाही संबंध नाही, तरी ताळा जमतो.

म्हणजेच हा ताळा परिपथाची जोडणी आणि किरचॉफचे नियम तपासतो, रोधांच्या किमती तपासत नाही. मधल्या शाखेत 4 ऐवजी चुकून 40 ओहम भरले आणि पुढचं गणित बिनचूक केलं, तर भलत्याच परिपथाचं उत्तर मिळेल आणि त्याचाही ताळा शून्यच येईल. अशी चूक मूळ आराखड्याशी पडताळूनच सापडते.

पकडता येणारी चूक कशी दिसते तेही पाहू. समजा ‘ब’चा विभव 12 ऐवजी 12.5 आला आणि बाकी सगळ्या धारा त्यावरून काढल्या. रोधांतला खर्च 100.25 वॅट होतो. स्रोताची धारा 3.75 अधिक 1, म्हणजे 4.75, आणि पुरवठा 95 वॅट. 5.25 वॅटची तफावत. ती कुठून आली हेही सांगता येतं. ‘ब’मधून अर्धा अँपिअर जास्त बाहेर पडतोय, त्याचे 12.5 गुणिले 0.5 म्हणजे 6.25. ‘क’मध्ये 0.125 अँपिअर जास्त येतोय, त्याचे 8 गुणिले 0.125 म्हणजे 1 वॅट वजा. उरले 5.25. ‘ड’मध्येही हिशेब बिघडला आहे, पण तो शून्य व्होल्टवर असल्याने बेरजेत उमटत नाही. ताळ्याला शून्य धरलेला बिंदू कधीच दिसत नाही.

आता स्रोताची धारा आधीच्या, स्वतंत्र गणितातून आलेली बरोबर 5 अँपिअरच ठेवली तर? पुरवठा 100, खर्च 100.25, तफावत अवघी पाव वॅट. चूक तीच, पण दिसते वीसपटीहून लहान. स्रोताचे व्होल्ट कायम असताना रोधांतला एकूण खर्च खऱ्या विभवांपाशी सर्वांत कमी असतो, आणि वाटीच्या तळासारखा तिथे त्याचा उतार जवळजवळ सपाट असतो. ‘ब’ 12.05 धरला तर तफावत 0.0025 वॅटवर येते: चूक दहापट लहान, तफावत शंभरपट लहान. म्हणून या रीतीने केलेला ताळा दोन दशांश स्थळांपर्यंत जमला, तरी विभवही तितकेच अचूक आहेत असं समजू नये. त्यापेक्षा प्रत्येक जोडबिंदूतल्या धारांची बेरीज वेगळी छापून बघावी. तिथे 12.05ची चूक ‘ब’पाशी 0.05 अँपिअरच्या रूपात सरळ दिसते.

संगणकावर अपूर्णांक आले की बेरीज तंतोतंत शून्य येईलच असं नाही. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत साधारण सोळा अंक सांभाळले जातात. त्यामुळे 100 वॅटच्या लहान परिपथात 10⁻¹⁴च्या आसपासचा आकडा उरला तर तो गोळाबेरजेचा. म्हणून तफावत शून्याशी ताडण्याऐवजी एकूण पुरवलेल्या शक्तीशी ताडून बघतात. डायोडसारखे घटक असले तर गणित फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराजवळ सरकतं आणि ठरलेल्या मर्यादेला थांबतं. स्पाइस या परिपथ सोडवणाऱ्या प्रोग्रॅममधली `reltol` ही मर्यादा मुळात 0.001 असते. तिथे 10⁻¹⁴ची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. `reltol` दहापट कमी करून पुन्हा चालवावं. तफावतही कमी झाली तर ती थांबण्याच्या मर्यादेतून आलेली होती. जशीच्या तशी राहिली, तर एखादी शाखा बेरजेतून सुटली आहे किंवा तिचं चिन्ह उलटं पडलं आहे.