सहाव्या वर्षापासून पुढे

जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा आयपीओ आला, तेव्हा शेअरचा किंमतपट्टा होता ७२ ते ७६ रुपये. न्यूयॉर्क विद्यापीठात मूल्यांकन शिकवणारे प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांनी त्याच सुमारास आपला हिशेब मांडला आणि एका शेअरचे मूल्य काढले सुमारे ४१ रुपये. बाजारात पहिल्याच दिवशी भाव शंभरच्या वर गेला. वर्षभरात तो ४१ च्या आसपास उतरला आणि २०२४ मध्ये अडीचशेच्याही पुढे गेला.

आयपीओच्या वेळी झोमॅटो तोट्यात होती. जवळच्या वर्षांत मालकांच्या हाती काही पडणार नव्हते. जे काही मूल्य होते ते दूरच्या काळात होते. मतभेदाला सर्वांत जास्त वाव असतो तो तिथेच.

कंपनीचे मूल्य काढण्याच्या ‘डीसीएफ’ पद्धतीमागचा विचार साधा आहे. कर आणि धंद्यातली नवी गुंतवणूक वजा जाता दर वर्षी जी रोकड मोकळी राहील, तिचा अंदाज बांधायचा आणि ती आजच्या भावात आणायची. पुढच्या तारखेची हुंडी आज वटवताना वटाव कापतात, तसेच हे. मात्र कंपनी पाच वर्षांनी बंद पडत नाही आणि पन्नास वर्षांचा वर्षवार अंदाज कोणी बांधू शकत नाही. म्हणून पाच किंवा दहा वर्षांचे आकडे तपशिलाने मांडतात आणि त्यानंतरचा सगळा काळ एकाच आकड्यात बसवतात. तो आकडा म्हणजे टर्मिनल व्हॅल्यू. सूत्र एवढेच: पुढच्या वर्षाची रोकड भागिले, वटावाचा दर वजा कायमचा वाढदर.

एक कल्पित कंपनी घेऊ. पहिल्या वर्षी १०० कोटी मोकळी रोकड, पाचव्या वर्षापर्यंत दरसाल १० टक्के वाढ, वटाव १२ टक्के आणि त्यानंतर कायम ५ टक्के वाढ. पाच वर्षांच्या रोकडीचे आजचे मूल्य भरते ४३१ कोटी. पाचव्या वर्षाची रोकड १४६ कोटी आणि त्या वर्षअखेरची टर्मिनल व्हॅल्यू त्याच्या १५ पट, म्हणजे २,१९६ कोटी. ती आजच्या भावात आणली की १,२४६ कोटी. एकूण मूल्य १,६७७ कोटी. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग सहाव्या वर्षापासून पुढचा.

हा वाटा मोठा दिसला म्हणून हिशेब खोटा ठरत नाही. चालत्या धंद्याची बहुतेक कमाई पाच वर्षांच्या पलीकडेच असते. झोमॅटोसारख्या कंपनीत सुरुवातीची वर्षे उणे असली, तर टर्मिनल व्हॅल्यूचा वाटा शंभर टक्क्यांच्याही वर जातो.

धोका आहे तो या आकड्याच्या नाजूकपणात. आपल्या कंपनीत कायमचा वाढदर ५ ऐवजी ६ टक्के धरला, तर एकूण मूल्य १,८९८ कोटी होते. त्यासोबत वटावही १२ वरून ११ टक्क्यांवर आणला, तर २,२८४ कोटी. पहिल्या पाच वर्षांच्या अंदाजातला एकही आकडा बदललेला नाही, तरी मूल्य ३६ टक्क्यांनी फुगले.

यातली सर्वांत सामान्य चूक अशी, की वाढ फुकट मिळते असे गृहीत धरले जाते. वाढीसाठी यंत्रे, गोदामे, माल यांत पैसा घालावा लागतो. समजा, आपल्या कंपनीला नव्या भांडवलावर १५ टक्के परतावा मिळतो. मग कायम ५ टक्के वाढायला नफ्याचा एक तृतीयांश भाग धंद्यात परत घालावा लागेल आणि ६ टक्के वाढायला ४० टक्के. ही वाढीव गुंतवणूक वजा केली, की ६ टक्के वाढदराचे १,८९८ कोटी १,७५२ वर येतात. २२१ कोटींचा फायदा उरतो ७५ कोटींचा. परतावा वटावाइतकाच, म्हणजे १२ टक्के असेल, तर वाढदर वाढवून मूल्यात काहीच भर पडत नाही.

कायमच्या वाढदराला वरची मर्यादाही आहे. देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा एखादी कंपनी कायम वेगाने वाढत राहिली, तर कधीतरी ती अर्थव्यवस्थेहून मोठी व्हावी लागेल. ते शक्य नाही.

म्हणून दलालाच्या अहवालातली लक्ष्य किंमत वाचण्याआधी तक्त्याचा शेवटचा रकाना पाहावा. तिथला वाढदर किती, वटाव किती आणि त्या वाढीसाठी नफ्यातला किती भाग परत गुंतवलेला दाखवला आहे? टर्मिनल व्हॅल्यू शेवटच्या वर्षाच्या रोकडीच्या किती पट धरली आहे? आपल्या उदाहरणात ती १५ पटीवरून २१ पटीवर गेली होती. तेवढ्या पटीने आज तशी प्रौढ, स्थिर कंपनी बाजारात विकली जात नसेल, तर ती लक्ष्य किंमत बाजूला ठेवावी.