शांत रोखा, चंचल शेअर

मार्च 2020 मध्ये येस बँकेचे दोन कागद लोकांच्या हातात होते. एक बँकेचा शेअर, दुसरा बँकेने विकलेला रोखा. शेअरची चाल बघवत नव्हती. 6 मार्चला तो एका दिवसात सहा रुपयांच्याही खाली गेला, आणि दोन आठवड्यांच्या आत ऐंशी रुपयांच्या वर पोचला. रोख्याच्या बाबतीत असं काही घडत नव्हतं. तो वर्षाला नऊ-साडेनऊ टक्के व्याज देत आला होता आणि त्याची खरेदी-विक्री क्वचितच होई. वित्तशास्त्राच्या रूढ मोजपट्टीने पाहिलं तर धोका शेअरमध्ये होता. 14 मार्चला बँकेच्या प्रशासकांनी शेअर बाजाराला कळवलं, की 8,415 कोटी रुपयांचे हे रोखे पूर्णपणे रद्द होत आहेत. शेअर मात्र शिल्लक राहिला.

ही मोजपट्टी कशी काम करते ते पाहू. भाव आपल्या सरासरीपासून किती दूर भरकटतो, हे सांगतो तो चढउताराचा आकडा. 1952 साली हॅरी मार्कोविट्झ यांनी परताव्यातला हा चढउतार म्हणजेच जोखीम असं धरून गुंतवणुकीचं गणित मांडलं. पुढे 1964 मध्ये विल्यम शार्प यांच्या मांडणीतून बीटा पुढे आला. बीटा विचारतो, की बाजार हलला तर हा शेअर किती हलतो? निफ्टी एक टक्का वर-खाली झाल्यावर एखादा शेअर सरासरी दीड टक्का हलत असेल, तर त्याचा बीटा 1.5. अर्धाच टक्का हलत असेल, तर 0.5. या हिशेबात बीटा जास्त म्हणजे जोखीम जास्त. दोन्ही आकडे जुन्या भावांतून निघतात, काही सेकंदांत काढता येतात आणि सगळ्यांना सारखेच मिळतात. त्यांच्या लोकप्रियतेचं अर्धं कारण हेच असावं.

या आकड्यांना कंपनीचा व्यवहार दिसत नाही. तिने कोणाला कर्ज दिलं, ते परत येतंय का, ताळेबंद खरा आहे का, हे प्रश्न गणितात कुठेच येत नाहीत. आणि जी गोष्ट अजून घडलेली नाही, ती जुन्या भावांत सापडणार कशी? येस बँकेच्या बाबतीत तर धोक्याची खूण उघड्यावर होती. 2015-16 च्या हिशेबात बँकेने 749 कोटींची थकीत कर्जं दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तीच रक्कम सुमारे 4,926 कोटी निघाली. पुढच्या वर्षी बँकेचा आकडा होता 2,018 कोटी, रिझर्व्ह बँकेचा सुमारे 8,374 कोटी. ही तफावत 2017 मध्येच जाहीर झाली होती. तरीही शेअर चढत राहिला आणि ऑगस्ट 2018 मध्ये चारशे रुपयांच्या आसपास पोचला. भाव चढतोय, म्हणजे सारं ठीक आहे, असं समजणाऱ्यांत चांगले जाणकारही होते. सप्टेंबर 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने संस्थापक प्रमुख राणा कपूर यांची मुदत कमी केली आणि शेअर एका दिवसात सुमारे तीस टक्के कोसळला. चढउताराचा आकडा फुगला तो त्यानंतर.

रोख्याची शांतता आणखी फसवी होती. जो कागद रोज विकला जात नाही, त्याचा भाव रोज ठरत नाही, म्हणून त्याची रेघ सरळ दिसते. खरी जोखीम करारातल्या कलमांत होती. या ‘एटी-1’ रोख्यांना मुदत नसते, व्याज थांबवण्याची मुभा बँकेला असते आणि बँक तगणार नाही असं ठरलं तर मुद्दल कायमचं शून्य करता येतं. एरवी कंपनी बुडाली की आधी भागधारक नुकसान सोसतात, मग कर्ज देणारे. इथे नेमकं उलट झालं.

हे रोखे सामान्य ठेवीदारांपर्यंतही गेले होते. सेबीच्या एप्रिल 2021 च्या आदेशानुसार 1,346 व्यक्तींनी त्यांत सुमारे 679 कोटी रुपये गुंतवले, म्हणजे माणशी सरासरी पन्नास लाख. त्यांतल्या 277 जणांनी आपली मुदत ठेव मोडून पैसे इकडे वळवले होते. पुरेशी माहिती न देता हे रोखे विकल्याचा ठपका ठेवून सेबीने बँकेला 25 कोटींचा दंड केला. बँकेने त्या आदेशाला आव्हान दिलं. मुदत ठेव मोडणाऱ्या माणसाला बीटा समजावून सांगितला असता, तरी त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

मग शेअरवाले वाचले का? पुरते नाही, आणि त्यांचं नुकसान कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. बँक वाचवण्यासाठी स्टेट बँकेच्या पुढाकाराने भांडवल आलं. जुलै 2020 मध्ये 12 रुपये भावाने आणखी 15,000 कोटी रुपयांचे शेअर विकले गेले. आधी साधारण 255 कोटी असलेली शेअरसंख्या अडीच हजार कोटींच्या घरात गेली. ज्याच्याकडे बँकेचा एक टक्का होता, त्याच्याकडे आता जेमतेम एक दशांश टक्का उरला. उद्या बँकेने पूर्वीइतका नफा कमावला, तरी तो दहापट शेअरांत वाटला जाणार. चारशेला घेतलेला शेअर तिथे परत जाण्याची वाट पाहणं म्हणूनच व्यर्थ आहे.

याच काळातली सेन्सेक्सची घसरण याच्या शेजारी ठेवून बघावी. 23 मार्च 2020 ला तो 25,981 वर बंद झाला. जानेवारीत तो 41,000 च्या वर होता. वर्षअखेरीस तो 47,000 च्या पुढे होता. निर्देशांकातल्या बहुतेक कंपन्यांची कमाई करण्याची ताकद शाबूत होती, म्हणून पडलेला भाव उठला. चढउताराच्या आकड्याला मात्र ही पडझड आणि येस बँकेची पडझड यांत जातीचा फरक दिसत नाही.

म्हणून बीटा टाकाऊ ठरत नाही. सहा महिन्यांनी मुलीच्या शिक्षणाची फी भरायची आहे, किंवा उसने पैसे काढून शेअर घेतले आहेत, अशा माणसाला चढउतार हीच खरी जोखीम असते. पडलेल्या भावात विकावं लागलं, की तात्पुरता तोटा तिथेच कायमचा होतो. ज्याला दहा वर्षं थांबता येतं, त्याने वेगळं काही वाचायला हवं: तपासयंत्रणेचे आणि कंपनीचे आकडे जुळतात का, कर्ज किती आहे, नवे शेअर वारंवार काढले जातात का, आणि रोखा असेल तर मुद्दल केव्हा रद्द होऊ शकतं. यातलं काहीच एका आकड्यात बसत नाही.

रोखेधारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने रोखे रद्द करण्याचा निर्णय बेकायदा ठरवला, पण दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयात त्या निकालाला स्थगिती मिळाली. सेबीने ऑक्टोबर 2020 मध्येच नियम बदलला होता: असे नवे रोखे फक्त मोठ्या संस्थात्मक गुंतवणूकदारांनाच देता येतील, आणि किमान वाटप एक कोटी रुपयांचं असेल.